कुरिअरच्या पार्सलात सामान फुटलं, काही गायब झालं: तक्रारीचं पत्र आणि किमतीची यादी कशी करायची

आमचं घर आचऱ्याला, मालवण तालुक्यात. २०२४ च्या गणपतीआधी ताईने पुण्याहून एक मोठा खोका कुरिअरने पाठवला होता, त्यात पितळी समईची जोडी, आरतीच्या वेळी टांगायला काचेच्या दोन हंड्या, मिक्सर, दोन साड्या, भाजणी, मुलांची पुस्तकं आणि तिच्याकडचं एक जुनं भिंतीवरचं घड्याळ. २० ऑगस्टला बुक केलं, २८ ला दारात आलं. ट्रॅकिंगवर पुणे, कोल्हापूर, कणकवली, मालवण असा प्रवास दिसत होता आणि त्या आठवड्यात घाटात धो धो पाऊस. खोका आला तो खालून भिजलेला, एक कोपरा चेपलेला आणि आत समया नाहीत, घड्याळही नाही.

पुढे दोन महिने पत्र, ईमेल, फोन सगळं केलं आणि पैसे मिळाले, पण सुरुवातीला काय लिहायचं, किंमत कशी धरायची, कोणाच्या नावाने पाठवायचं हे सांगणारं कोणी भेटलं नाही. म्हणून जसं केलं तसं क्रमाने लिहिते.

आधी एक बघा, हे तुमच्यासाठी आहे का. तुम्ही किंवा तुमच्या माणसाने स्वतः पैसे भरून खाजगी कुरिअरने, रस्त्याने पाठवलेलं पार्सल असेल तर पुढे वाचा. ऑनलाइन दुकानातून मागवलेली वस्तू फुटून आली तर तक्रार विकणाऱ्याकडे करायची, कारण कुरिअरला पैसे त्याने दिलेत, तुम्ही नाही. पोस्टाच्या पार्सलचे आणि विमानाने गेलेल्या मालाचे नियम वेगळे आहेत, ते यात नाहीत.

१. दारात: सही करायच्या आधी शेरा लिहा

आमच्याकडे आलेला मुलगा चांगला होता पण घाईत. "वैनी, सही करा बेगीन, माका अजून चिंदराक जावचा आसा." मी मोबाईलवर बोटाने सही करणार तेवढ्यात खोक्याचा तळ हाताला लागला, पुठ्ठा भाकरीच्या पिठासारखा मऊ झालेला.

अशा वेळी पार्सल परत पाठवायचं की घ्यायचं हा प्रश्न पडतो. माझं मत घ्यायचं, पण शेरा मारून. परत पाठवलं तर ते पुन्हा त्याच गोदामांतून फिरणार आणि आत काय उरलंय ते तुम्हाला कधीच कळणार नाही. कागदी पावती असेल तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: "खोका भिजलेला व फाटलेला मिळाला, आतील सामान तपासणे बाकी." तारीख, वेळ लिहा आणि त्या कागदाचा फोटो काढा. मोबाईलवर सही असेल आणि शेऱ्याला जागाच नसेल (बहुतेक नसतेच) तर तिथेच उभं राहून त्या मुलाच्या समोर खोक्याचा फोटो काढा आणि तोच मजकूर कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करून टाका, तो दारातून जायच्या आत. मी तेच केलं. ईमेलवर वेळ पडली दुपारी १२.४०, डिलिव्हरीची वेळ १२.३६. पुढे कंपनीने "माल चांगल्या स्थितीत पोचला, सही आहे" असं लिहिलं तेव्हा ही चार मिनिटंच कामी आली.

त्या मुलाशी भांडू नका. त्याने खोका फोडलेला नसतो, आणि शांतपणे बोललात तर तोही सांगतो की हा कणकवलीहूनच असा आला होता.

२. खोका उघडायच्या आधी वजन करा

हे बहुतेक जण करत नाहीत आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त उपयोगी हेच आहे. बुकिंगच्या पावतीवर, म्हणजे डॉकेटवर, वजन लिहिलेलं असतं. तेच भाड्याचं वजन असतं त्यामुळे कंपनी ते नाकारू शकत नाही. (एक बघून घ्या, मोठ्या हलक्या खोक्याला लांबी-रुंदी-उंचीवरून काढलेलं वजन लावतात, ते काट्यावरचं नव्हे. पावतीवर दोन्ही असतील तर प्रत्यक्ष वजनाचा आकडा घ्या.)

आमच्या डॉकेटवर प्रत्यक्ष वजन १३.८ किलो होतं. मी खोका न उघडता तसाच रिक्षात घालून बाजारातल्या किराणा दुकानात नेला, इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला, ११.४ भरला. काट्याचा आकडा आणि खोक्यावरचं लेबल एकाच फोटोत येईल असा फोटो काढला आणि दुकानदाराकडून त्याच्या बिलबुकावर दोन ओळी लिहून शिक्का घेतला: अमुक तारखेला, अमुक डॉकेट नंबरचा बंद खोका, वजन इतकं.

म्हणजे २.४ किलो कमी. आता समयांचं वजन बिलावर २ किलो १०० ग्रॅम होतं आणि घड्याळ साधारण अर्ध्या किलोचं, एकूण २.६. मग २०० ग्रॅमचा फरक का, तर खोका पाणी प्यायलेला. हे पत्रात मी लिहिलं सुद्धा, कारण वाचणाऱ्याला तो फरक दिसणारच, आपणच कारण दिलेलं बरं. सामान आत नव्हतंच, पाठवणाऱ्यानेच घातलं नसेल, असं कंपनी म्हणू शकते. त्यावर तोंडी कितीही सांगा, वजनासारखं उत्तर दुसरं नाही.

३. उघडताना: एकच सलग व्हिडिओ, आणि टेप नीट बघा

व्हिडिओ मध्ये बंद करू नका, तोडलात की शंका घ्यायला जागा होते. सुरुवात लेबलवरच्या डॉकेट नंबरापासून करा, मग खोक्याच्या सहाही बाजू दाखवा, मग उघडा, एकेक वस्तू बाहेर काढून कॅमेऱ्यासमोर धरा, शेवटी रिकामा खोका आतून दाखवा.

टेप जवळून बघा. ताईने खोका रुंद तपकिरी टेपने बांधला होता, तिचा पाठवतानाचा फोटो माझ्याकडे होता. आलेल्या खोक्यावर एका बाजूला त्या तपकिरी टेपच्या वरून पारदर्शक टेप मारलेली होती आणि तिच्याखाली तपकिरी टेप सरळ ब्लेडने कापलेली दिसत होती. म्हणजे वाटेत कोणीतरी खोका उघडून परत बंद केलेला. पावसाने टेप सुटली असती तर कडा वाकड्या, चिंधाळलेल्या दिसल्या असत्या. त्या कापाचा मी अगदी जवळून फोटो काढला, शेजारी मोजपट्टी ठेवून.

खोका, आतला भुसा, फुटकी काच, काही टाकू नका. आपल्याकडे पावसात पुठ्ठ्याला बुरशी आणि वाळवी लगेच लागते, म्हणून मी खोका चुलीच्या खोलीत दोन दिवस वाळवून प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवला. तपासायला माणूस पाठवतो म्हणाले तर दाखवायला तो लागतो.

४. कागद गोळा करा

पत्र लिहायला बसायच्या आधी हे सगळं एका जागी ठेवा:

- बुकिंगची पावती, पुढून आणि मागून (मागच्या बारीक अक्षरातल्या अटी लागतात)
- डिलिव्हरीची पावती किंवा ट्रॅकिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट
- दारातून पाठवलेला ईमेल आणि कस्टमर केअरने दिलेला तक्रार नंबर
- वजनाची चिठ्ठी आणि फोटो
- वस्तूंची बिलं, नसतील तर पैसे दिल्याचा पुरावा
- दुरुस्तीचं किंवा ड्रायक्लीनचं बिल, नाहीतर लेखी अंदाजपत्रक
- पाठवणाऱ्याचं संमतीपत्र

शेवटचं खूप जणांना माहीत नसतं. कंपनीचा व्यवहार पाठवणाऱ्याशी झालेला असतो म्हणून "तुम्ही आमचे ग्राहक नाही" असं उत्तर येऊ शकतं. ताईने एका कागदावर लिहून दिलं की या पार्सलबद्दल तक्रार आणि पत्रव्यवहार माझ्या वतीने माझी बहीण करेल, भरपाई मात्र माझ्या खात्यात यावी. पत्रावर आम्ही दोघींनी सह्या केल्या. त्यानंतर हा मुद्दा परत निघाला नाही.

५. यादी: काय गेलं, काय बिघडलं, किंमत कुठून आली

पत्रापेक्षा जास्त वेळ यादीवर घालवा. मी पहिल्यांदा नुसतं "अंदाजे दहा-बारा हजारांचं नुकसान" असं लिहिलं होतं, ताईने फाडायला लावलं ते बरं झालं. अशा आकड्याला कोणी उत्तर देत नाही कारण त्यात तपासायला काहीच नसतं.

दोन वेगळे भाग करा, एक न मिळालेल्या वस्तू आणि एक बिघडलेल्या. दोन्हीला लागणारा पुरावा वेगळा आहे, हरवलेल्याला वजन आणि टेप, बिघडलेल्याला फोटो आणि दुरुस्तीचा कागद. आणि प्रत्येक रकमेपुढे ती कुठून आली ते लिहा. आमच्या वस्तूंचं कसं केलं ते सांगते, कारण प्रत्येकीचा हिशोब निराळा निघाला.

समया: हे सोपं होतं. ताईने तांबट आळीतून घेतल्या होत्या, बिलावर वजन आणि दर दोन्ही. २.१ किलो, १,२०० रुपये किलोने २,५२०. नवीन वस्तू, बिलाची पूर्ण किंमत.

घड्याळ: चार वर्षं वापरलेलं, बिल नाही. तसंच नवीन आज १,२०० ला मिळतं, पण १,२०० मागणं बरोबर नाही आणि चालतही नाही. मी अर्धे, ६०० धरले आणि यादीत "जुने, ४ वर्षे वापरलेले" असं स्पष्ट लिहिलं. पुरावा म्हणून ताईच्या घरात भिंतीवर ते लागलेलं असतानाचा एक जुना फोटो जोडला.

मिक्सर: शेजारच्या काकी म्हणाल्या अगो नवीनच माग. पण मोटर व्यवस्थित चालत होती, मोठ्या भांड्याचा दांडा तुटला होता आणि झाकणाला तडा. कणकवलीच्या सर्विस सेंटरने भांडं आणि झाकण बदलायचे १,१५० लिहून दिले, तेवढेच मागितले. मिक्सरचं बिल ४,२५० चं होतं. पूर्ण किंमत मागितली असती तर कंपनी म्हणू शकते मग तो मिक्सर आम्हाला द्या, आणि चालणाऱ्या वस्तूची पूर्ण किंमत मागितलेली दिसली की बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जातो.

काचेची हंडी: दोनातली एक फुटली. जोडीचं बिल १,८०० चं. इथे आधी दुकानात विचारायला लागतं की सुटी मिळते का. ताईने फोन केला, मिळते, ९०० ला. म्हणून ९००. सुटी मिळत नसेल तर दुकानदाराकडून तसं लिहून घ्या आणि मग जोडीची किंमत मागा. काचेच्या बाबतीत "पॅकिंग नीट नव्हतं" हे उत्तर ठरलेलं असतं, म्हणून खोका भरतानाचे फोटो लागतात. ताईने प्रत्येक हंडी आधी वर्तमानपत्रात, मग फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये, मग वेगळ्या छोट्या खोक्यात घातली होती आणि तिला फोटो काढायची सवय आहे.

साडी: पुठ्ठ्याचा तपकिरी डाग पदराला लागला. साडीची किंमत नाही, ड्रायक्लीनचं बिल ३५० धरलं. डाग निघाला नसता तर धुणाऱ्याकडून तसं लिहून घेऊन साडीची किंमत मागता आली असती.

भाजणी: एक किलो, पाणी शिरून खराब. बचत गटाकडून घेतलेली, बिल नाही, पण २८० रुपये मोबाईलवरून दिल्याची नोंद ताईच्या फोनमध्ये होती. तो स्क्रीनशॉट बिलासारखाच चालला. घरी केलेली वस्तू असेल तर तीच वस्तू बाजारात कितीला मिळते तो भाव धरा.

न मिळालेलं ३,१२०, बिघडलेलं २,६८०, एकूण ५,८०० रुपये.

यादीच्या खाली मी ज्या वस्तू धड मिळाल्या त्याही लिहिल्या: दुसरी हंडी, दुसरी साडी, मिक्सरची बाकी दोन भांडी, पुस्तकं. काही जण म्हणाले हे कशाला, पण याने खोक्यात एकूण काय होतं त्याचा हिशोब पुरा होतो आणि वाचणाऱ्याला कळतं की आपण जेवढं गेलं तेवढंच मागतोय. मनस्तापाचे पाच हजार वगैरे या यादीत घालू नका, तो विषय पुढे ग्राहक आयोगात गेलात तर तिथला. भाडं परत मागणारेही असतात, मी मागितलं नाही कारण बरंच सामान पोचलं होतं.

६. पत्र

मी पाठवलेलं पत्र जवळजवळ तसंच देते, नावं आणि नंबर काढून. लांब नाही, एका पानात बसलं.

दिनांक: २ सप्टेंबर २०२४

प्रति,
तक्रार निवारण विभाग, (कंपनीचं नाव, मुख्य कार्यालयाचा पावतीवरचा पत्ता)
प्रत: मालवण शाखा

विषय: डॉकेट क्र. …… पार्सलमधील २ प्रकारच्या वस्तू न मिळाल्याबद्दल व ४ वस्तू खराब झाल्याबद्दल रु. ५,८०० ची मागणी. कॅरेज बाय रोड अॅक्ट २००७, कलम १६ नुसार लेखी सूचना.

महोदय,

वरील पार्सल दि. २० ऑगस्ट २०२४ रोजी पुणे येथून बुक केले. प्रत्यक्ष वजन १३.८ किलो, जाहीर किंमत रु. १०,०००, भाडे रु. ५४०. दि. २८ ऑगस्ट २०२४ रोजी दुपारी १२.३६ वा. आचरा येथे मिळाले. खोका तळाशी भिजलेला व एका कोपऱ्यात चेपलेला होता. याची सूचना त्याच वेळी १२.४० वा. ईमेलने दिली आहे, तक्रार क्र. ……

बंद खोक्याचे वजन त्याच दिवशी ११.४ किलो भरले, म्हणजे २.४ किलो कमी. न मिळालेल्या वस्तूंचे वजन सुमारे २.६ किलो आहे. खोका भिजलेला असल्याने उरलेले वजन पाण्याचे आहे. मूळ तपकिरी टेप कापून त्यावर पारदर्शक टेप लावलेली आहे, फोटो क्र. ४ व ५ पाहावेत.

| क्र. | वस्तू | स्थिती | रक्कम रु. | पुरावा |
|---|---|---|---|---|
| १ | पितळी समई जोडी, २.१ किलो | मिळाली नाही | २,५२० | बिल |
| २ | भिंतीवरचे घड्याळ, ४ वर्षे जुने | मिळाले नाही | ६०० | फोटो, आजच्या किमतीच्या निम्मे |
| ३ | मिक्सरचे मोठे भांडे व झाकण | तुटले | १,१५० | सर्विस सेंटरचा अंदाज |
| ४ | काचेची हंडी, १ नग | फुटली | ९०० | बिल, पॅकिंगचे फोटो |
| ५ | साडी, १ नग | डाग | ३५० | ड्रायक्लीन बिल |
| ६ | भाजणी, १ किलो | भिजून खराब | २८० | पैसे दिल्याची नोंद |
| | एकूण | | ५,८०० | |

चांगल्या स्थितीत मिळालेल्या वस्तू: काचेची हंडी १, साडी १, मिक्सर व २ भांडी, पुस्तके.

खराब वस्तू व खोका जपून ठेवला आहे, पूर्वसूचना देऊन केव्हाही पाहता येईल. रु. ५,८०० पाठवणाऱ्याच्या खात्यात १५ दिवसांत जमा करावेत किंवा नाकारत असल्यास कारण लेखी कळवावे.

(दोघींच्या सह्या, जोडलेल्या कागदांची यादी)

एवढंच. "तुमच्यासारख्या बेजबाबदार कंपनीने" अशी वाक्यं राग आला तरी घालू नका, ती वाचणाऱ्या माणसाला पैसे मंजूर करायला काही मदत करत नाहीत. मुख्य कार्यालय महाराष्ट्राबाहेर असेल तर हेच पत्र इंग्रजीत करून सोबत जोडा, निदान तक्ता तरी.

७. कुठे आणि कधी पाठवायचं

मालवणच्या शाखेत गेले तर तिथला माणूस म्हणाला आमची फ्रँचायझी आहे, आमच्या हातात काही नाही. खरं आहे ते, पण तरीही एक प्रत तिथे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेची पोच घ्या. मूळ पत्र मुख्य कार्यालयाला स्पीड पोस्टने, आणि तेच स्कॅन करून ईमेलने. स्पीड पोस्टची पावती पत्राच्या कॉपीला टाचून ठेवा आणि पोचल्याचं ट्रॅकिंगचं पान छापून घ्या, महिन्यांनी ते सापडेलच असं नाही.

मुदतीचा घोटाळा इथे होतो. पत्रात लिहिलेल्या कॅरेज बाय रोड अॅक्टच्या कलम १६ प्रमाणे कोर्टात जायच्या आधी लेखी सूचना द्यावीच लागते आणि ती बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत, पार्सल मिळाल्यापासून नव्हे. आमच्या बाबतीत ती तारीख १६ फेब्रुवारी २०२५ होती. फोनवर केलेली तक्रार यात धरत नाहीत, लेखीच लागते. शिवाय पावतीच्या मागे कंपनीने स्वतःची मुदत छापलेली असते, ती खूपच कमी असू शकते, त्यामुळे पूर्ण यादी तयार नसली तरी पहिली सूचना त्याच दिवशी द्या, यादी नंतर पाठवा.

कुरिअर या कायद्यात येतच नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. कलम २ मधल्या व्याख्येत घरोघर माल पोचवणारी कुरिअर एजन्सी स्पष्ट शब्दात घातलेली आहे.

८. उत्तर आलं की

१२ सप्टेंबरला ईमेल आला, आमच्या अटींप्रमाणे जास्तीत जास्त १,००० रुपये, सोबतचं व्हाउचर सही करून पाठवा. व्हाउचरवर लिहिलेलं की ही रक्कम पूर्ण आणि अंतिम आहे, यापुढे काही मागणी नाही. गणपती घरात बसलेले, ताई म्हणाली घेऊन टाक आणि विषय संपव. मी सही केली नाही. अशा कागदावर सही झाली की उरलेली रक्कम मागायची वाट जवळपास बंदच होते.

इथे दोन गोष्टी समजून घ्या. पहिली, छापलेल्या अटी अगदीच फुकट नसतात. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये कुरिअरच्याच एका खटल्यात सांगितलं आहे की पाठवणाऱ्याने अटी असलेल्या कागदावर सही केली असेल तर त्यातली मर्यादा त्याला लागू होते. म्हणून पावती परत बघा, सही कुठे आहे, अटी त्याच कागदावर आहेत का. आमच्या पावतीवर अटी मागच्या बाजूला होत्या आणि ताईची सही कुठेच नव्हती.

दुसरी, रस्त्याने जाणाऱ्या मालासाठी कायद्याच्या कलम १० आणि २०११ च्या नियमांत मर्यादा ठरवून दिलेली आहे, भाड्याच्या दहा पट, पण जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. जास्त जोखमीचा दर भरून बुक केलं असेल तर गोष्ट वेगळी. आमचं भाडं ५४०, दहा पट ५,४००, जाहीर किंमत १०,०००. म्हणजे ५,८०० पैकी ५,४०० पर्यंत ठामपणे मागता येत होते. हाच हिशोब मी १४ सप्टेंबरच्या उत्तरात चार ओळींत लिहिला, १,००० ची मर्यादा मान्य नाही, सही नाही, कायद्यातली मर्यादा ५,४०० होते आणि तेवढी रक्कम मिळाली तर विषय संपवायला तयार आहोत.

यात जाहीर किमतीचं महत्त्व लक्षात आलं असेल. बुकिंगच्या वेळी खिडकीवरचा माणूस म्हणतो "पाचशे लिहू का?" आणि आपण हो म्हणतो. ताईने हो म्हटलं असतं तर वर सांगितलेल्या नियमाने ५०० च्या वर काही मिळालं नसतं.

मध्ये एक फोन आला, समयांचं बिल परत पाठवा, टेपचा मूळ फोटो पाठवा. पाठवले. २१ ऑक्टोबरला ताईच्या खात्यात ५,४०० जमा झाले.

९. नाहीच दिले तर

पंधरा दिवस उत्तर नाही किंवा नकार आला की १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. ती कोर्ट नाही, पण बऱ्याच कंपन्या तिथून आलेल्या तक्रारीला उत्तर देतात. त्याच्या पुढे जिल्हा ग्राहक आयोग, आपल्याकडे रत्नागिरीला आणि सिंधुदुर्गनगरीला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही, एवढ्या रकमेला फी नाही आणि मुदत दोन वर्षं. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. ज्याने पैसे भरले तो आणि त्याच्या संमतीने ज्याच्यासाठी सेवा घेतली तो, दोघेही ग्राहक धरले जातात. धंद्याचा माल असेल, म्हणजे आंब्याच्या पेट्या किंवा काजू विकायला पाठवत असाल, तर स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः करत असलेला छोटा व्यवसाय आहे हे दाखवावं लागतं, नाहीतर आयोग तक्रार घेणार नाही.

आयोगाला लागणारे कागद म्हणजे वरचंच सगळं: पत्र, पोच, तक्ता, फोटो, वजनाची चिठ्ठी. माझी ती फाईल अजून कपाटात आहे, आणि खोका मी पैसे जमा झाल्यावरच माळ्यावरून खाली काढला.